बजरीगर मादीचे अंडे अडणे : कारणे, लक्षणे व उपचार

घरोघरी हौसेने पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यांमध्ये बजरीगर हा सर्वांत परिचित पक्षी होय. बाजारात तो बहुधा ‘लव्हबर्ड’ या नावाने विकला जातो. परंतु खरे लव्हबर्ड हे आफ्रिकेतील निराळे पक्षी असून बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियातील लहान पोपट आहे. पिंजऱ्यात नर-मादीची जोडी ठेवून एक मडके टांगले, की थोड्याच दिवसांत मादी अंडी घालू लागते. अशा वेळी एखाद्या सकाळी मादी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली दिसते. तिला थंडी वाजली असावी, असे समजून मालक पिंजऱ्यावर फडके टाकतो आणि संध्याकाळपर्यंत पक्षी दगावतो. मृत पक्ष्याची तपासणी केल्यास अंडनलिकेच्या खालच्या भागात पूर्ण तयार झालेले एक अंडे अडकलेले आढळते. गाय अडावी, त्याप्रमाणे ही मादी अडलेली असते. हा विकार वेळीच ओळखल्यास बहुधा बरा होतो व आहाराकडे लक्ष पुरविल्यास बहुतेक वेळा टाळताही येतो.

अंडे कसे तयार होते

पक्ष्यांच्या मादीमध्ये सामान्यतः फक्त डाव्या बाजूचा अंडाशय व अंडनलिका कार्य करतात. अंडाशयातून सुटलेला पिवळा बलक अंडनलिकेत येतो, त्याभोवती पांढरा बलक व पापुद्रे चढतात आणि नंतर तो अंडनलिकेच्या कवचग्रंथी या भागात उतरतो. अंडनलिकेतील एकूण प्रवासास सुमारे एक दिवस लागतो व त्यातील बहुतेक वेळ कवच चढण्यातच जातो. कवच पूर्ण झाले, की कवचग्रंथीच्या भिंतीतील स्नायू आकुंचन पावून अंडे खाली ढकलतात, पुढील झडप सैल होते आणि अंडे बाहेर पडते.

बजरीगर मादी साधारणपणे एक दिवसाआड एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते. तिचे वजन सुमारे ३५ ते ४० ग्रॅम असते, तर अंड्याचे वजन सुमारे २ ग्रॅम असते. म्हणजे प्रत्येक अंडे मादीच्या वजनाच्या जवळजवळ विसाव्या हिश्शाइतके असते. इतक्या लहान देहातून असा भार बाहेर ढकलावयाचा, तर स्नायूंत पुरेसे बळ असले पाहिजे. हे बळ मुख्यत्वे रक्तातील कॅल्शियमवर अवलंबून असते.

कॅल्शियमचा हिशेब

अंड्याच्या कवचात कॅल्शियम लागते, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु स्नायूंच्या आकुंचनासही कॅल्शियम लागते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. त्यामुळे त्याची उणीव पडल्यास दुहेरी नुकसान होते. एक तर कवच पातळ किंवा मऊ राहते. अशा लिबलिबीत अंड्यावर स्नायूंची पकड नीट बसत नाही. दुसरे म्हणजे स्नायूच दुबळे पडतात. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे अंडे जागच्या जागी अडते.

ही उणीव कशी निर्माण होते, हे थोडासा हिशेब मांडल्यास स्पष्ट होईल. बजरीगर अंड्याच्या कवचाचे वजन स्थूलमानाने सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम धरता येईल. त्यात सुमारे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आपल्याकडे या पक्ष्यांना मुख्यतः राळे व बाजरी घालतात. १०० ग्रॅम राळ्यात सुमारे ३० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मादी दिवसाला सुमारे ६ ग्रॅम दाणे खाते, असे धरल्यास तिला रोज २ मिलिग्रॅमसुद्धा कॅल्शियम मिळत नाही. म्हणजे एका कवचात जेवढे कॅल्शियम खर्ची पडते, तेवढे दाण्यांतून मिळविण्यास तिला जवळजवळ चार आठवडे लागतील. पाच अंड्यांसाठी हा काळ साडेचार महिन्यांवर जातो. आणि ती पाच अंडी मादी नऊ-दहा दिवसांत घालते. शिवाय खाल्लेले सर्व कॅल्शियम अंगी लागत नाही. दाण्यांत कॅल्शियमच्या सुमारे दसपट फॉस्फरस असतो व तो कॅल्शियमच्या शोषणात अडथळा आणतो.

मग केवळ दाण्यावर असलेली मादी पहिली दोन-तीन अंडी कशी घालते, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. अंडी घालण्यापूर्वीच्या दिवसांत मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा तात्पुरता साठा होतो. त्यातून ती वेळ भागवते. हा साठा संपल्यावर हाडांतील मूळ कॅल्शियम झिजू लागते व शेवटी रक्तातील प्रमाणही घटते. म्हणूनच पहिली अंडी सुखरूप आली, एवढ्यावरून पुढचे अंडेही सुखरूप येईल, असे गृहीत धरू नये.

आहारातील कॅल्शियम अंगी लागण्यास ‘ड’ जीवनसत्त्वही आवश्यक असते. अंगावर सूर्यप्रकाश पडल्याने ते पक्ष्याच्या शरीरात तयार होते. परंतु खिडकीच्या काचेतून आत येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग होत नाही, कारण आवश्यक ते किरण काच अडविते. बंद खोलीत ठेवलेल्या पक्ष्यास म्हणून दुहेरी कुपोषण घडते.

इतर कारणे

कॅल्शियमची उणीव हे प्रमुख कारण असले, तरी ते एकमेव नव्हे. एक वर्षाच्या आतील मादीचे पहिलेच अंडे, वय झालेली मादी, सूर्यफुलाच्या बियांसारख्या तेलकट दाण्यांमुळे आलेला लठ्ठपणा, उडण्यास जागा नसल्याने शिथिल पडलेले स्नायू, एकामागून एक लावलेल्या विणी व अचानक पडलेली थंडी यांमुळेही अंडे अडते. काही वेळा अंडेच प्रमाणाबाहेर मोठे किंवा वेडेवाकडे असते अथवा अंडनलिकेस सूज वा गाठ असते. अशा वेळी केवळ कॅल्शियम देऊन भागत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. नर नसेल तर अंडे होणार नाही, असे पुष्कळजण मानतात. प्रत्यक्षात एकटी मादीही अंडी घालते. ती अंडी फलित नसतात, इतकेच. त्यामुळे एकटी ठेवलेली मादीदेखील अडू शकते.

लक्षणे कशी ओळखावीत

प्रथम पक्षी मादी आहे व विणीस आलेली आहे, याची खात्री करून घ्यावी. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती जो मांसल भाग असतो, तो विणीच्या काळात मादीमध्ये तपकिरी व खरबरीत होतो. या दिवसांत मादी मडक्यात वारंवार जाऊ लागते व तिची विष्ठा नेहमीपेक्षा मोठी पडते. हे स्वाभाविक आहे. अशा मादीमध्ये पुढील चिन्हे दिसू लागल्यास अंडे अडल्याचा संशय घ्यावा.

मादी दांडीवरून उतरून तळाशी बसते, पिसे फुलविते व डोळे अर्धवट मिटते. पाय फाकून, अंग ताठ करून ती उभी राहते व कुंथते. प्रत्येक कुंथण्याबरोबर शेपटी वर-खाली होते. गुदद्वाराच्या वरचा पोटाचा भाग फुगलेला दिसतो. विष्ठा अगदी थोडी होते किंवा मुळीच होत नाही. एखाद्या मादीचा पाय लुळा पडतो व ती दांडी धरू शकत नाही. पाय मोडला असावा, असे मालकास वाटते. परंतु अडलेल्या अंड्याचा दाब पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर पडल्याने असे घडते.

चोच उघडी ठेवून धापा टाकणे, पाय लुळे पडणे, रक्त येणे, गुदद्वारातून लालसर मांसल भाग बाहेर येणे आणि हालचाल मंदावणे ही धोक्याची चिन्हे होत. यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता पक्षी तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावा. अंड्याच्या दाबामुळे रक्ताभिसरण व मूत्रपिंडाचे कार्य बिघडते आणि इतका लहान पक्षी काही तासांतच दगावू शकतो.

घरी करावयाचा प्रथमोपचार

मादी सावध असून धोक्याची चिन्हे नसल्यास प्रथम तिला ऊब द्यावी. थंड अंगाने स्नायू आवळून राहतात. उबेने ते सैल पडतात. लहान पिंजरा किंवा हवेसाठी भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके घ्यावे व तळाशी स्वच्छ कापड अंथरावे. खोक्याच्या एका बाजूस बाहेरून फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी लावावी. पिंजरा असल्यास त्याच्या बाहेर काही अंतरावर साधा विजेचा दिवा ठेवता येईल. मात्र कागद किंवा कापड दिव्यास लागणार नाही, याची काळजी घ्यावी. आतील उष्णता २९ ते ३२ अंश सेल्सिअस राहील, असे पाहावे व त्यासाठी आत उष्णतामापक ठेवावा. दुसरी बाजू थोडी थंड ठेवावी, म्हणजे पक्ष्यास हवे तेव्हा बाजूस सरता येईल. पंख अंगापासून दूर धरून पक्षी धापा टाकू लागल्यास ऊब अधिक झाली, असे समजून ती कमी करावी.

हवा कोरडी असल्यास पिंजऱ्याजवळ ओला टॉवेल टांगावा. उकळत्या पाण्याची वाफ पक्ष्यावर सोडू नये. पाणी व दाणे तळाशीच, सहज पोचतील असे ठेवावेत. नराला वेगळे काढावे, पिंजरा शांत व मंद उजेडाच्या जागी ठेवावा व वारंवार हात लावू नये. पक्ष्यांसाठी मिळणारे कॅल्शियमचे पातळ औषध घरात असेल, तर वेष्टनावरील सूचनेप्रमाणे ते पिण्याच्या पाण्यात घालावे. ही व्यवस्था करीत असतानाच पशुवैद्यकाशी संपर्क साधावा. दोन-तीन तासांत अंडे न आल्यास अधिक वाट पाहू नये.

काय करू नये, हे त्याहून महत्त्वाचे आहे. बोटांनी पोट दाबून अंडे बाहेर काढण्याचा प्रयत्न पुष्कळजण करतात. अशा दाबाने अंडे आतच फुटते, कवचाच्या धारेने अंडनलिका फाटते किंवा अंडनलिकाच बाहेर येते, आणि जी मादी वाचली असती ती दगावते. त्याचप्रमाणे चोचीत एरंडेल किंवा अन्य तेल ओतू नये. पोटात गेलेले तेल अन्नमार्गात जाते, अंडनलिकेत जात नाही. त्यामुळे अंड्यास त्याचा काहीच उपयोग होत नाही. उलट ते श्वासनलिकेत गेल्यास पक्षी गुदमरतो. गुदद्वारात काडी, सुई किंवा पिचकारी घालणे हेही तितकेच घातक होय. बाहेर आलेला मांसल भाग घरी आत ढकलू नये. मिठाच्या सौम्य निर्जंतुक द्रावणाने तो ओला ठेवून दवाखाना गाठावा.

पशुवैद्यकाकडील उपचार

पशुवैद्यक हलक्या हाताने पोट चाचपून अंड्याचा अंदाज घेतो व जरूर तर क्ष-किरण चित्र काढतो. कवच नसलेले अंडे क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसत नाही. तेथे ध्वनिलहरींच्या साहाय्याने केलेली सोनोग्राफी उपयोगी पडते. ऊब व त्वचेखाली द्रव देऊन प्रथम पक्ष्यास स्थिर केले जाते व त्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन दिले जाते. त्याची मात्रा दर किलो वजनास सुमारे ५० ते १०० मिलिग्रॅम असते. ४० ग्रॅमच्या मादीस ती फक्त २ ते ४ मिलिग्रॅम पडते. म्हणजे दहा टक्क्यांच्या द्रावणाचा एक थेंबसुद्धा भरत नाही. म्हणून हे इंजेक्शन पातळ करून, पक्ष्याचे नेमके वजन करूनच द्यावे लागते. गाई-म्हशींसाठी घरात असलेली कॅल्शियमची बाटली या कामी वापरू नये.

ऊब, द्रव व कॅल्शियम एवढ्यानेच पुष्कळ माद्या अंडे घालतात. न घातल्यास झडप सैल करून आकुंचन वाढविणारे प्रोस्टाग्लँडिन औषध आतून लावतात. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शनही काही वेळा देतात. परंतु झडप बंद असताना किंवा अंडे आतील भिंतीस चिकटलेले असताना ते दिल्यास अंडनलिका फाटण्याचा धोका असतो. त्यानंतरची पायरी म्हणजे पक्ष्यास भूल देऊन वंगण लावून अंडे हळुवार बाहेर काढणे. तेही न जमल्यास सुईने अंड्यातील द्रव शोषून घेतात व कवच आत दुमडवितात. त्याचे तुकडे काढून घेतात किंवा ते पुढील काही दिवसांत आपोआप पडतात. अंडनलिका फाटली असेल, अंडे पोटाच्या पोकळीत गेले असेल किंवा विकार वारंवार होत असेल, तर शस्त्रक्रियेने अंडनलिका काढून टाकावी लागते. एवढ्या लहान पक्ष्यात ही शस्त्रक्रिया जोखमीची असल्याने ती शेवटचा उपाय म्हणूनच करतात.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्ष्यांच्या उपचाराची पुरेशी सोय नसल्यास मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी व उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयांपैकी जवळच्या ठिकाणी चौकशी करावी. मादी विणीस बसविण्यापूर्वीच ही चौकशी करून ठेवणे श्रेयस्कर.

एक उदाहरण

वरील गोष्टी एकत्र कशा येतात, हे पुढील उदाहरणावरून ध्यानी येईल. समजा, डिसेंबर महिन्यात नऊ महिन्यांची, ३८ ग्रॅम वजनाची एक मादी बंद खोलीतील पिंजऱ्यात आहे. आहार केवळ राळे व बाजरी. पहिले अंडे सोमवारी, दुसरे बुधवारी व तिसरे शुक्रवारी आले. तिसऱ्या अंड्याचे कवच पातळ व खरबरीत होते. मालकाने त्याकडे लक्ष दिले नाही. वास्तविक साठा संपत आल्याची ती पहिली सूचना होती. रविवारी सकाळी चौथे अंडे अपेक्षित असताना मादी तळाशी पिसे फुलवून कुंथत बसलेली दिसली. आदल्या संध्याकाळपासून विष्ठा नव्हती. सकाळी सात वाजता तिला ३० अंश उबेत ठेवले, तेव्हा ती सावध होती व थोडे पाणीही प्याली. नऊच्या सुमारास एका पायाची पकड सुटली. दोन-तीन तासांची मुदत पुरी झाली नसली, तरी पाय लुळा पडणे हे धोक्याचे चिन्ह असल्याने तिला उबदार खोक्यातच दवाखान्यात नेले. तेथे कॅल्शियमचे इंजेक्शन व द्रव दिल्यावर दुपारी मऊ कवचाचे अंडे बाहेर आले. पायाची शक्ती पुढील काही दिवसांत परत येते.

या उदाहरणात मादी वाचली, कारण सात वाजता दिसलेल्या लक्षणांना थंडी समजण्याची चूक झाली नाही व नऊ वाजता दिसलेल्या लक्षणासाठी थांबण्यात आले नाही. तथापि खरी चूक शुक्रवारच्याही आधीची, आहारातील होती.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

पिंजऱ्यात समुद्रफेस बारमाही टांगून ठेवावा. समुद्रफेस म्हणजे माकुळाच्या जातीच्या एका समुद्री प्राण्याचे अंतर्गत कवच होय. तो बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असून काष्ठौषधीच्या दुकानांत व पक्ष्यांचे खाद्य विकणाऱ्यांकडे मिळतो. मादी तो गरजेप्रमाणे कुरतडते. एका कवचास लागणारे कॅल्शियम त्याच्या चिमूटभर भुकटीत असते. समुद्रकिनाऱ्यावरून आणला असल्यास गोड्या पाण्यात काही दिवस भिजत ठेवून, रोज पाणी बदलून व उन्हात वाळवून मगच वापरावा. कोंबडीच्या अंड्याची टरफले उकळून, वाळवून व बारीक कुटून दिली तरी चालतात. पानाला लावावयाचा चुना मात्र देऊ नये. तो दाहक असतो.

दाण्यांत नाचणी मिसळावी. नाचणीत राळ्याच्या दहापट, म्हणजे १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शेवग्याचा कोवळा पालाही रोज थोडा द्यावा. पालकातील कॅल्शियम ऑक्सॅलिक आम्लाने बांधलेले असल्याने त्यावर विसंबू नये. सकाळी अर्धा तास पिंजरा मोकळ्या उन्हात ठेवावा, मात्र त्याचा अर्धा भाग सावलीत असावा व मांजर-कावळ्यांपासून राखण करावी. कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाची औषधे मनाने व दीर्घकाळ देऊ नयेत, कारण अतिरेकाने मूत्रपिंडास अपाय होतो.

मादी एक वर्षाची होईपर्यंत मडके टांगू नये व वर्षातून दोनपेक्षा अधिक विणी घेऊ नयेत. एकदा अडलेली मादी किमान सहा महिने विणीस लावू नये. त्यासाठी मडके काढावे, नर वेगळा करावा व पिंजरा संध्याकाळी लवकर झाकून उजेड दिवसास आठ ते दहा तासांवर आणावा. घातलेली अंडी लगेच उचलू नयेत, कारण उचललेल्या अंड्यांची भरपाई करण्यासाठी मादी आणखी अंडी घालते. सुमारे तीन आठवड्यांनी तिचे लक्ष उडाले, की ती काढून टाकावीत.

पक्षिपालकाने विणीच्या काळात प्रत्येक अंड्याची तारीख लिहून ठेवावी व कवच बोटाने तपासावे. पातळ किंवा खरबरीत कवचाचे अंडे दिसल्यास त्याच दिवशी आहार सुधारावा व पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. पुढचे अंडे येण्यास त्यानंतर बहुधा दोनच दिवसांचा अवधी असतो.